दूध तोडणारी मनकर्णा

नांदगाव खंडेश्वराहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर पळसखेड नावाचं गाव होतं. तिथल्या सूर्यभान पाटलाशी लग्न होऊन मनकर्णा त्या घरात सून म्हणून आली, तेव्हा कापसाला फारसं कुणी विचारत नव्हतं. घरच्यापुरता कापूस, बाकी शिवारात ज्वारी नि तूर. मग दूर समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई पेटली आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडातला कापूस हवा झाला, असं लोक सांगू लागले. लढाई कुणाची नि कशासाठी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कापसाचा भाव मात्र सगळ्यांना ठाऊक होता. दोन वर्षांत ज्वारीची वावरं कापसाखाली गेली, गुरं चरायची पडीक जमीनसुद्धा नांगरली गेली, आणि कार्तिकापासून त्या वाटेवर गाडीमागं गाडी लागू लागली.

मनकर्णा उंच, हाडापेरानं मोठी आणि बोलायला तुटक होती. तिचं माहेर परतवाड्याकडचं. बापाच्या दारात बारा-पंधरा गुरं असत, त्यामुळं गोठ्यात तिला कधी परकं वाटलं नाही. पळसखेडच्या गोठ्यात बैल होते आणि भुरी नावाची एकच गाय होती. सासू मैनाबाई त्या गायीचं दूध वाटेवरच्या गाडीवानांना विकायची. गाड्या वाढल्या तसं गिऱ्हाईक वाढलं. भुरी गाभण होती, दिवस भरत आले होते, तरी मैनाबाई रोज तांब्या घेऊन बसायची.

मनकर्णा नवीन सून. तरी एकदा तिनं विचारलं, "आत्याबाई, हिचं दूध तोडायचं नाही का? माह्या बापाघरी व्याच्या दोन महिने आधी पिळनं बंद करतात."

"तुह्या बापाघरी गिऱ्हाईक नसन," मैनाबाई म्हणाली. "गाय देऊन राहिली त आपुन कावून नाही म्हनाव?"

भुरी व्याली त्या सकाळीसुद्धा तिच्या कासेतून पावशेर दूध काढलेलं होतं. वासरू झालं ते ओल्या फडक्यासारखं. उभं राहीना. चीक म्हणून जे निघालं ते पिवळं घट्ट असायला हवं होतं, ते पांढरं पाणी होतं. मनकर्णेनं बोटानं वासराच्या तोंडात घातलं, पण चार-पाच दिवसांत त्याला हगवण लागली आणि ते गेलं. भुरीनं त्या वेताला आदल्या वेताच्या निम्मंही दूध दिलं नाही. मैनाबाई म्हणाली, नशीब. पुढच्या वेताला मात्र मनकर्णेनं नवऱ्याला सांगून गाय आपल्या हाती घेतली.

तिनं दूध तोडलं, पण दुसरीकडं चुकली. आदल्या वर्षीचं वासरू तिच्या मनातून जात नव्हतं. घरोघरी सरकी काढायचे रेचे फिरत होते, कापूस वेगळा होऊन सरकीचे ढीग पडत होते. तिनं भुरीला दोन्ही वेळ टोपलं भरून सरकी घातली. गाय तुकतुकीत झाली, पाठीवर पाणी ठरेल अशी. विताना वासरू अडलं. गावातल्या चौघांनी मिळून ते ओढून काढलं. वासरू जगलं, पण भुरी आठवडाभर चाऱ्याकडं तोंड करीना. तेव्हा मनकर्णा माहेरी जाऊन आली आणि बापाजवळ बसून तिनं सगळं नीट विचारून घेतलं. तिसऱ्या वेताला भुरीनं धडधाकट गोऱ्हा दिला आणि तांब्या दोनदा भरावा इतकं दूध दिलं.

गोष्ट वाटेवरच्या गाडीवानांकडून गावोगाव गेली. बैलांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या, त्यामुळं गायीच्या पोटातला गोऱ्हा वाया जाणं कुणालाच परवडत नव्हतं. लोक शेवटच्या दोन महिन्यांत आपल्या गायी मनकर्णेकडं आणून बांधू लागले. चारा ज्याचा त्यानं आणायचा. हिनं सांभाळायची. व्यायला आली की घेऊन जायची, नाही तर तिथंच विऊ द्यायची. त्यावरून तिला 'दूध तोडणारी' असं नाव पडलं. नाव ऐकायला वाईट होतं, पण तिला त्याचं काही वाटत नसे.

पौष सरता सरता अमरावतीचा ताहेर आपली गाय घेऊन आला, त्या वर्षीची ही हकिकत.

ताहेरच्या दोन गाड्या होत्या. कापूस वाहायच्या दिवसांत तो नांदगावच्या बाजूच्या खेपा करायचा. घरी तीन जनावरं होती, आणि त्याची बायको अकीला त्यांचं दूध कापसाच्या बाजारात उतरलेल्या व्यापाऱ्यांना नि एका हलवायाला घालायची. त्यातली मोती नावाची पांढरी गाय सगळ्यांत दुधाळ. गाभण होती, होळी उलटल्यावर व्यायची होती, आणि तरी दोन्ही वेळचं मिळून तीन शेर देत होती. बाजार भर रंगात होता. अशा वेळी दूध बंद करायचं ताहेरच्या जिवावर आलं होतं. पण अकीलानं मनकर्णेबद्दल ऐकलं होतं आणि तिनं हट्टच धरला.

दोघंही आले होते. मोती गाडीमागं बांधलेली, आणि तिच्या पुढं, गाडीत, तिचं गेल्या वेताचं वासरू.

मनकर्णेनं आधी गायीच्या पाठीवरून हात फिरवला, मग बरगड्यांवर बोटं दाबून पाहिली. "अंगात बरी हाये. शेवटच्या बरगड्या हाताले लागतात, डोळ्याले दिसत नाहीत. अशीच ठेवाची, ना जाड, ना रोड." मग तिनं गाडीकडं बोट केलं. "हे वासरू परत घेऊन जा."

"उसके बिना चलतीच नाही, बाई," ताहेर म्हणाला. "म्हून आनलं."

"आनलं त आनलं. जातानी घेऊन जा. थे इथी राहिलं त एखांद्या रोजी सुटन नि कासेले लागन. मंग मी तोडलेलं दूध फुकट."

"आनि दूध एकदम बंद? तीन शेर हाये."

"एकदम नाही. आधी पोटातलं कमी करीन, मंग हात."

अकीला मध्येच म्हणाली, "तू कर तुह्या मनानं. हे काही बोलतीन, आयकू नको." ती जरा हसली, आणि मनकर्णेलाही हसू आलं. अकीला ठेंगणी, भरल्या अंगाची, गायीशी बोलताना उर्दू आणि माणसांशी बोलताना वऱ्हाडी बोलणारी होती. निघताना तिनं मोतीच्या कपाळाला कपाळ लावलं. ताहेरनं वासरासकट गाडी वळवली आणि ते दोघं परत गेले.

मनकर्णेचा क्रम ठरलेला होता. पहिल्या दिवसापासून मोतीची सरकी आणि ढेप बंद. नुसता कडबा आणि डोंगराकडचं वाळलं गवत. पाणी मात्र पोटभर. मैनाबाईचं म्हणणं असे की पाणीच तोडलं की दूध आपोआप आटतं, पण मनकर्णेच्या बापानं तिला बजावून सांगितलं होतं की तहानलेल्या गायीच्या पोटातलं वासरूही तहानतं. आधी संध्याकाळचं दूध काढणं तिनं थांबवलं. सकाळचं दूध कमी आलं, तसं दिवसाआड केलं. आठवड्याभरात मोती शेराच्या आत आली.

मग एका सकाळी शेवटचं दूध. मनकर्णेनं कोमट पाण्यानं कास धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली, स्वतःचे हात राखेनं घासून धुतले आणि चारही सडांतलं दूध अगदी निपटून काढलं, एक धार मागं ठेवली नाही. सडांना हळद घातलेलं तूप चोळलं. मोतीला लगेच बसू दिलं नाही, पुढ्यात कडबा टाकून उभं ठेवलं, कारण नुकत्याच पिळलेल्या सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. खालची जागा आधीच झाडून तिथं कोरडी माती आणि वर तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा वाळला भुसा, पसरलं होतं.

"आता?" सूर्यभाननं विचारलं. तो दाराशी उभा राहून पाहत होता.

"आता हात लावाचा नाही. सडाच्या तोंडात डिंकासारखं काही जमते नि थे दार बंद होते. बंद झालं की बाहेरची घान आत जात नाही. कोनी पिळलं की दार उघडलं."

"नि कास भरन त?"

"भरनच. दोन-तीन रोज दगडासारखी होईन. मंग अंगच थे दूध पिऊन टाकते."

कास भरली. दुसऱ्या दिवशी ताणली, तिसऱ्या दिवशी चकाकायला लागली. मोती पाय फाकवून उभी राहू लागली आणि अधूनमधून हंबरू लागली. मनकर्णा सकाळ-संध्याकाळ येऊन उलट्या हातानं कासेचे चारही भाग चाचपून पाही. चारही सारखेच ताठ होते आणि कुठंही जाळ नव्हता. मोती कडबा खात होती, रवंथ करत होती. काळजीचं काही नव्हतं.

त्या दिवशी कापसाची शेवटची वेचणी होती. घरातली सगळी माणसं वावरात गेली होती. घरी मैनाबाई एकटी. दुपारी ताहेरची गाडी नांदगावहून भरून आली. बैलांना पाणी पाजायला तो थांबला आणि गाय बघून येतो म्हणून गोठ्यात गेला. मोतीनं त्याला ओळखलं आणि हंबरडा फोडला.

तिची कास पाहून ताहेरचं काळीज हललं. जन्मभर त्यानं दुभती जनावरं पाहिली होती. इतकी ताणलेली कास म्हणजे दूध काढायला विसरलेली गवळण, एवढंच त्याला माहीत होतं.

"आजी, हे काय चाललं? गाय मरन ना!"

मैनाबाई ओट्यावर तूर निवडत होती. "थे म्हन्ते हात लावू नका."

"दरद होऊन राहिला तिले. कसम से, मले पाहावत नाही. थोडं काढतो. अर्धं. ओझं त हलकं होईन."

मैनाबाईनं त्याला थांबवलं नाही. खरं म्हणजे तिलाही ती कास पाहवत नव्हती, आणि सुनेनं सांगितलेलं सगळंच बरोबर असतं असं तिच्या मनानं कधी घेतलं नव्हतं. ताहेरचे हात गाडीच्या आसाला वंगण लावून काळे झालेले होते. ते त्यानं धोतराला पुसले आणि खाली बसून मोतीचं अर्धं दूध जमिनीवरच पिळलं, त्या कुटारावरच. गाय शांत झाली. त्यालाही बरं वाटलं. बैल जोडून तो अमरावतीला निघून गेला.

संध्याकाळी मनकर्णा वावरातून आली. कासेला हात लावल्याबरोबर तिला कळलं. कास सैल होती आणि खालचं कुटार ओलं, आंबूस.

"कोन बसलं होतं इथी?"

मैनाबाईनं लपवलं नाही. "ताहेर. गाय कन्हून राहिली होती. मीच काही म्हनलं नाही."

मनकर्णेचा राग तिच्या तोंडातून येत नसे, हातांतून येई. तिनं ते सगळं कुटार फराटे मारून बाहेर काढलं, जमीन खरवडली, कोरडी माती टाकली. मग ती कासेजवळ बसली. आता काय करायचं, हे तिला खरोखर कळेना. अर्धं काढलेलं तसंच सोडावं की पूर्ण निपटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं? बापानं हे सांगितलेलं नव्हतं. शेवटी तिनं ठरवलं, उघडलेल्या दारातून जे जायचं ते गेलंच असेल, तेव्हा एकदा सगळं निपटून, धुऊन, पुन्हा बंद करावं. तिनं तसंच केलं.

चारातले तीन भाग पुन्हा भरले, ताठरले आणि हळूहळू उतरणीला लागले. मागचा डावा भाग मात्र उतरेना. दोन दिवसांनी तो तापला. उलटा हात ठेवला की चटका बसे. मोतीचे कान गरम, नाक कोरडं, कडबा तसाच पुढ्यात पडलेला. मनकर्णेनं त्या सडाची एक धार तळहातावर घेतली. पिवळट पाणी आणि त्यात दह्यासारख्या गुठळ्या.

तिनं सूर्यभानला अमरावतीला पाठवलं. "अकीलाले सांगा, गाय बिमार हाये. झालं थे सगळं सांगा. आपल्या घरचंबी सांगा, आत्याबाईचं."

"आईचं कायले सांगाचं?"

"खरं हाये म्हून."

दुसऱ्याच दिवशी अकीला आली, एकटी. ताहेर आला नव्हता. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि सरळ गोठ्यात शिरली.

"त्याईनं मले सांगतलं होतं, थोडं दूध काढलं म्हून," ती म्हणाली. "मले वाटलं, चांगलं केलं. मीबी तेच केलं असतं." मग तिनं विचारलं, "वाचन का?"

"गाय वाचन. थो सड सांगता येत नाही."

अकीला परत गेली नाही. गोठ्यालगत पडवी होती, तिथं तिनं तीन दगडांची चूल मांडली, आपलं पाणी आपण भरलं आणि राहिली. मैनाबाईनं पहिल्या दिवशी पडवीच्या कडेनं जायचंही टाळलं. नंतर एकदा सकाळी तिथं लिंबाचा पाला आणि कोरफडीचा ढीग येऊन पडला. कुणी आणून टाकला हे मैनाबाई बोलली नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

आता नियम उलटा झाला होता. बाकीच्या तीन भागांना बोटही लावायचं नाही, आणि मागच्या डाव्यातलं मात्र दिवसातून चार-पाच वेळा निपटून काढायचं. पिळलेलं पाणी मातीवर सांडू द्यायचं नाही, मडक्यात धरून लांब खड्ड्यात पुरायचं. लिंबाच्या पाल्याच्या गरम पाण्यात फडकं भिजवून शेक द्यायचा. वरून हळद, कोरफड आणि चुन्याच्या निवळीचा लेप. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर हात राखेनं घासायचे. मोती दुखऱ्या सडाला हात लावला की लाथ झाडी. अकीला तिच्या तोंडाशी उभी राहून उर्दूत काहीबाही बोलत राही आणि मनकर्णा खाली बसून काम उरके. एकदा लाथ मनकर्णेच्या दंडाला बसली, तर हात दोन दिवस वर जाईना. मग अकीला खाली बसली आणि मनकर्णा तोंडाशी उभी राहिली. मनकर्णेला उर्दू येत नव्हतं. ती काहीच न बोलता गायीच्या गळ्याखाली खाजवत राहिली, तेही चाललं.

पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरला. मोतीनं कडब्याला तोंड लावलं. त्या दिवशी अकीला पडवीत बसून खूप रडली. मनकर्णा शेजारी बसून राहिली. तिला धीर द्यायला कधी जमत नसे.

"थो सड कडक हाये अजून," ती म्हणाली.

"माहीत हाये मले," अकीला डोळे पुसत म्हणाली.

हळूहळू गुठळ्या थांबल्या, नुसतं पांढुरकं पाणी येऊ लागलं, मग तेही कमी झालं. मनकर्णेनं त्या सडाला हात लावणं बंद केलं. आता चारही दारं बंद होती. अकीला घरी गेली.

त्यानंतर ताहेर आला, तो गाडीत सरकीची दोन पोती घेऊनच. दारात उतरवली आणि उभा राहिला. मनकर्णा बाहेर आली.

"माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "हे तिले खाऊ घाल. रोज टोपलं भरून. मी अजून आनतो."

"पोती घेऊन जा."

"बाई, गुस्सा हाये माहीत हाये मले..."

"गुस्सा हाये. पन पोती त्याच्याकरता परत देऊन नाही राहिली. इतकी सरकी आता खाऊ घातली त चरबी चढन. विताना अडन, मंग व्यायल्यावर खानार नाही. माह्याच घरच्या गाईले मी हे करून बसली हाये." तिनं क्षणभर विचार केला. "एक पोतं ठेवा. होळीच्या आधी पंधरवडाभर लागन. दुसरं न्या."

ताहेरनं एक पोतं दारातच ठेवलं आणि एक परत गाडीत चढवलं. मग ओट्यावर बसलेल्या मैनाबाईकडं पाहून तो म्हणाला, "आजी, तुमच्यावर काई नाही. मीच बसलो होतो."

"मी पाहून राहिली होती," मैनाबाई म्हणाली.

माघ गेला. मोती कडबा, वाळलं गवत आणि मिठाच्या खड्यावर राहिली. मनकर्णा तिला रोज ओढ्यापर्यंत चालवत नेई आणि आणी. बांधून ठेवलेली गाय जड होते, असं तिचं म्हणणं. गोठ्याच्या तोंडाशी ती संध्याकाळी लिंबाचा पाला धुमसत ठेवी, माश्या सडांवर बसू नयेत म्हणून. कास उलट्या हातानं पाहणं चालूच होतं, फक्त पाहणं. पोटातलं वासरू उजव्या कुशीत ढुसण्या मारताना दिसू लागलं.

फाल्गुन लागला तसं तिनं पोतं उघडलं. आधी एक मूठ भिजवलेली सरकी, ज्वारीच्या भरड्यात कालवून. दोन-तीन दिवसांनी दोन मुठी. मग ओंजळ. व्यायल्यावर दुधासाठी जे खायचं आहे त्याची पोटाला आधीच सवय लागावी, पण अंगावर मांस चढू नये, इतकंच. होळीला मोती टोपल्याच्या पाव हिश्शावर आली होती, त्यापुढं मनकर्णेनं वाढवलं नाही.

होळी झाल्यावर ताहेर पुन्हा वाटेनं जात होता. मोतीची कास भरायला लागली होती आणि कासेपुढं बेंबीपर्यंत पोटाखाली सूज आली होती. तो गोठ्याच्या उंबऱ्याशीच थांबला, आत गेला नाही. मनकर्णेला हाक मारली.

"हे काय आहे? परत तेच?"

मनकर्णेनं सुजेवर अंगठा दाबला आणि काढला. मातीत उमटावा तसा खळगा राहिला. "गरम नाही. दुखत नाही. हे व्याच्या आधी येतेच. हात लावून पाहा."

ताहेरनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "तूच पाहा," तो म्हणाला.

"काढाचं नाही ना काही?" मग त्यानं विचारलं.

"व्यायपर्यंत एक थेंब नाही. आत चीक जमून राहिला. थो वासराचा."

गुढीपाडव्याच्या आदल्या सकाळी मोती व्याली. अकीला दोन दिवस आधीच येऊन पडवीत राहिली होती. वासरू सरळ आलं, पुढचे पाय आणि त्यावर नाक, कुणाला ओढावं लागलं नाही. कालवड होती. ताहेरच्या मनात गोऱ्हा होता, गाडीला बैल हवा होता, पण ते त्यानं तोंडानं काढलं नाही. कालवड थोड्या वेळात उठली, पडली, पुन्हा उठली. मनकर्णेनं कास धुतली, सडांच्या पहिल्या धारा मातीच्या परळात पाहिल्या. पुढचे दोन आणि मागचा उजवा, तिन्हींतून चीक आला, पिवळा, जाड, बोटाला चिकटणारा. मागच्या डाव्यातून थोडं पांढुरकं पाणी आलं, आणि मग तेही नाही. तो भाग कासेवर लहान, घट्ट गोळ्यासारखा राहिला होता.

"मेला?" अकीलानं विचारलं.

"मेला. पुढच्या वेताले उघडला त उघडला. आस धरू नको."

कालवडीला तिन्ही चांगल्या सडांना लावलं. ती पोट फुगेस्तोवर प्याली. अमरावतीहून हलवायाचा निरोप आला होता, खरवसाला चीक पाठवा म्हणून, बाजारात त्याला वाटेल ते मिळत होतं. अकीलानं निरोप घेऊन आलेल्या गाडीवानाला सांगितलं, उरला तर पाठवते, आणि पहिले दोन दिवस काही उरू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मैनाबाई वाटी घेऊन पडवीशी आली. अकीलानं वाटी भरून दिली. मैनाबाईनं चुलीवर खरवस लावला आणि त्यातला अर्धा परत पडवीत नेऊन दिला. तो अकीलानं खाल्ला. पळसखेडमध्ये त्यावर दोन दिवस कुजबुज झाली, पण मैनाबाईला कोण बोलणार?

तीन सडांवर मोतीनं त्या वेताला चार शेरांपर्यंत दूध दिलं. चौथा पुढं कधीच उघडला नाही.

पुढं लढाई संपली म्हणे, आणि कापसाचा भाव चढला होता तसाच खाली आला. बडनेऱ्याला आगगाडी आली. लांबच्या कापसाची गाड्यांवरची वाट संपली. ताहेरनं एक गाडी मोडली. अमरावतीच्या बाजारातलं दुधाचं गिऱ्हाईक रोडावलं, तरी अकीलानं जनावरं विकली नाहीत. पळसखेडच्या आसपास लोकांनी काही वावरं पुन्हा ज्वारीखाली आणली, त्यामुळं कडब्याची ओढ कमी झाली. मनकर्णेच्या गोठ्यात शेवटच्या दोन महिन्यांच्या गायी येतच राहिल्या. सगळ्या काही बऱ्या झाल्या असं नाही. दर्यापूरकडची एक लाल गाय व्यायल्यावर पाय ओढत बसली ती उठलीच नाही, आणि का, हे मनकर्णेला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या मालकाला तिनं तसंच सांगितलं.

मोतीची ती कालवड तीन वर्षांची होऊन पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा अकीलानं तिला चालवत पळसखेडला आणलं. ताहेर सोबत होता, यावेळी पोती नव्हती.

"हिचं दूध तोडायचं काय?" त्यानं विचारलं.

"पहिलारू हाये. दूधच नाही त तोडाचं काय?" मनकर्णा म्हणाली. "हिले फक्त शिकवाचं हाये."

तिनं कालवडीच्या पाठीवर हात ठेवला, तो हळूहळू कुशीवरून खाली नेत कासेला टेकवला आणि तसाच ठेवला. कालवड चमकली, एक पाऊल सरकली. मनकर्णा तिच्याबरोबर सरकली, हात काढला नाही. "रोज असंच. व्याल्यावर लाथ नाही मारनार मंग." अकीलाला तिनं खूण केली, आणि अकीला दुसऱ्या बाजूनं येऊन बसली.